मैत्रिणीच्या लग्नात द्यायला तिच्या नि तिच्या नवऱ्याच्या नावाचा मोनोग्राम करायचाय, अक्षरं न आणि म. मराठीत छान होईल का की इंग्रजीच घेऊ? एखादं फुकट ॲप?

मराठीतच करा. ॲपमध्ये दोन अक्षरं शेजारी टाइप होतात आणि भोवती वेलबुट्टी येते, तो मोनोग्राम नाही. दोन अक्षरांत एखादी रेघ सामाईक पाहिजे किंवा एक अक्षर दुसऱ्याच्या आत बसलं पाहिजे, आणि तरी दोन्ही वेगळी वाचता आली पाहिजेत. नेमकं इथेच फसतं, मी फसलेय म्हणून सांगते.

माझ्या भाचीचं नाव र वरून, जावयाचं व वरून. लग्नाच्या आधी इतवारीतून पांढरं कॉटन आणलं, १२ नॅपकिन शिवले आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात एकाच शिरोरेघेखाली र आणि व अगदी चिकटून भरले, मरून दोऱ्याने, सॅटिन स्टिचमध्ये, तीन आठवडे रोज दुपारी हेच काम. आहेर उघडला तेव्हा जावयाच्या आत्याबाईंनी नॅपकिन हातात घेऊन विचारलं, "हा ख कोणाचा हो?" बाप्पा, माझे हातपायच गळाले. तीन आठवड्यांत मला तो ख एकदाही दिसला नव्हता, कारण मला नावं माहीत होती! आताच्या छापील ख मध्ये र ची शेपटी व ला खालून जोडलेली असते ती याचसाठी, की तो "रव" वाचला जाऊ नये. जुन्या पुस्तकांतला ख सुटा असतो, बघा कधी.

माझे धाकटे दीर तिथेच उभे. "वहिनी, मी केव्हाचा सांगून राहिलो, आपल्या लिपीत मोनोग्राम होत नाही, आर आणि व्ही घ्या." त्यांनी मला आधी ड्यूरर नावाच्या जर्मन चित्रकाराची सही दाखवली होती, मोठा ए आणि त्याच्या दोन पायांमध्ये छोटा डी. सुंदरच आहे ती. पण ती जमते कारण ए खालून मोकळा आहे, आत जागा आहे. आपली अक्षरं वरच्या रेघेला लटकतात, त्यांची जागा वेगळी शोधावी लागते. होत नाही काहून म्हणायचं?

मी परत बसले. अक्षरं उलटवली तर "वर" झालं, मग नवरी कुठे गेली? आरशासारखी उलटी काढून पाहिली, इंग्रजी ए, एम, व्ही ला चालतं ते, पण उलटा र हे अक्षरच राहत नाही. शेवटी जमलं ते असं: र वरच्या बाजूला डावीकडे काढला, त्याची तिरपी शेपटी खाली आणून आडवी वळवली, आणि तीच आडवी रेघ व ची शिरोरेघ केली, म्हणजे व एक पायरी खाली उजवीकडे लटकतो. दोन शिरोरेघा दोन उंचीवर असल्या की डोळा त्यांना एक अक्षर म्हणून वाचतच नाही. तसे १२ नॅपकिन नव्याने भरून पहिल्या दिवाळीला दिले.

आता तुमचा न-म. दोघांनाही उजवीकडे काना आहे, म्हणून हात आपोआप जाईल तो न चा काना काढून म ला जोडायला. ते करू नका, तो जन्म मधला न्म होतो, आणि न अर्धा राहतो. लग्नाच्या भेटीत कोणालाच अर्धं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा एकच लांब काना उभा काढा, वरच्या अर्ध्याला न, खालच्या अर्ध्याला म, आणि म ला स्वतःची शिरोरेघ द्याच. ती विसरलात तर पुन्हा जोडाक्षर दिसेल. एका खोडाला दोन फांद्या तसं.

पेन्सिलीने चौकटीच्या कागदावर काढा, मग ज्याला नावं माहीत नाहीत अशा माणसाला दाखवून फक्त "काय वाचलं?" एवढंच विचारा. शेजारची शाळकरी पोरगी यासाठी उत्तम, ती भीड न ठेवता सांगते. दीरांना मी माझा र-व चा कागद असाच दाखवला तेव्हा ते "र, व" म्हणाले, आणि मग म्हणाले की हा अपवाद आहे. नाही, अपवाद नाही, फक्त मेहनत आहे.

हां, एक राहिलं. हे सगळं साध्या कापडाचं नि कागदाचं. टॉवेलवर करणार असाल तर बारीक रेघ टॉवेलच्या लूपमध्ये बुडते, तिथे रेघा जाड घ्या आणि अक्षर मोठं, निदान ५ सेंमी. आणि नाव नी किंवा मो वरून असेल तर वेलांटी, काना-मात्रा सोडून द्या, नुसता न, नुसता म.