महालक्ष्म्यांची आरास आणि घरातलं मांजर

प्रश्न: घरी वर्षभराचं मांजर आहे. महालक्ष्म्यांच्या आरासीत चमकीच्या माळा, लायटिंग, फुलं यातलं काय चालेल?

चमकी अजिबात नाही. बाकीचं खाली सांगते, आधी हे ऐका.

आमच्याकडे महालक्ष्म्या मोठ्या जाऊबाईंकडे असतात. इतवारीतून चमकीच्या माळा आणल्या होत्या, म्हणजे ते चंदेरी झिरमिळ्यांचं. जेवणाच्या दिवशी सगळे पंगतीत, अन् आमची भुरी पलंगाखाली. पुरणाच्या वासानेही बाहेर येईना, सारख्या उलट्या. संध्याकाळी बघितलं तर शेपटीखाली चंदेरी दोरा लोंबत होता. जाऊबाई म्हणाल्या, "ओढून टाक न बापा, निघून जाईन." मी हात धरला त्यांचा.

मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही, आतच सरकतो. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं. आतडं मात्र दोरा पुढे ढकलतच राहतं, अन् परकराची नाडी ओढल्यावर कापडाच्या चुण्या पडाव्या तसं त्याच दोऱ्यावर गोळा होतं. मग ताणलेला दोरा आतड्याला चिरत जातो. बाहेरून ओढलं की हेच काम आपण करतो. आतडं फाटून घाण पोटात पसरली, तर जीव वाचणं कठीण.

डॉक्टरांनी आधी जिभेखाली बघितलं, तिथे काही नव्हतं. एक्स-रेत चमकी स्पष्ट दिसली नाही, पण आतड्याच्या चुण्या दिसल्या. सोनोग्राफी करून रात्रीच पोट उघडलं. आधी जठरातलं टोक सोडवलं, मग आतडं दोन ठिकाणी उघडून दोरा तुकड्यातुकड्याने काढला. भुरी वाचली. जाऊबाई अजून म्हणतात, "जरा ओढलं असतं तर तेवढे पैसे वाचले असते." पैसे वाचले असते, खरंच. मांजर नसतं वाचलं.

तेव्हा दोरा दिसला तर ओढू नका, तेल पाजू नका, उलटी करवू नका. फारच लोंबत असेल तर बाहेरचा भाग तेवढा कापा अन् लगेच डॉक्टर गाठा.

आरासीला कागदी पताका अन् साड्यांची पडदी लावा. लायटिंगची वायर भिंतीच्या पट्टीत टाका, अन् कुणी खोलीत नसलं की प्लग काढूनच ठेवा. वायर चावलेल्या जनावराचं तोंड भाजतं, अन् वरून बरं दिसलं तरी काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरू शकतं. झेंडू चालतो, फार खाल्ला तर पोट बिघडतं एवढंच. बुकेतली लिली दारातच परत करा. तिचे पराग अंगावरून चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मांजराची किडनी जाते. कण्हेर देवाला वाहत असाल तर उंचावर ठेवून भागत नाही, मांजर तिथेही पोचतं.

हे सगळं मांजराचं झालं. कुत्र्याच्या किडनीला लिली तशी लागत नाही, पण कण्हेर अन् दोरा दोन्ही त्यालाही तेवढेच वाईट.