टेप, टेनिस की सीझन: सोसायटीच्या टीमला कुठला बॉल?

प्रश्न: आम्ही घोडबंदर रोडच्या सोसायटीतले दहा-बारा जण रविवारी सकाळी मैदानात खेळतो. काही कॉलेजची मुलं, बाकी चाळिशीतले. टेप बॉल, साधा टेनिस आणि सीझन बॉल यांत उसळी, स्विंग आणि लागण्याच्या दृष्टीने नेमका काय फरक पडतो? आम्ही कुठला घ्यावा?

तुमच्या टीमसाठी माझं उत्तर टेप बॉल आहे. तोही हलक्या टेनिस बॉलवर गुंडाळलेला, हार्ड टेनिसवर नाही. कारण समजायला आधी वजनाकडे बघा. उसळी, स्विंग आणि लागणं, तिन्हींत वजनाचा हात आहे.

टेनिसच्या नियमांप्रमाणे टेनिस बॉल साधारण 56 ते 59 ग्रॅम असतो. सीझन बॉल सुमारे 156 ते 163 ग्रॅमचा, म्हणजे पावणेतीनपट. टेप गुंडाळल्यावर बॉल खूप जड होतो अशी समजूत आहे, ती खरी नाही. एकच थर लावला तर पाच-सात ग्रॅमच वाढतात आणि बॉल पासष्टच्या आसपास राहतो. घरातल्या किचनच्या काट्यावर मोजून बघा. टेपने बदलतो तो मुख्यतः पृष्ठभाग.

त्याचा पहिला परिणाम उसळीवर होतो. टेनिस बॉल आतून पोकळ रबराचा, त्यामुळे टप्प्यावर दबतो आणि उसळतो. काँक्रीटवर 254 सेंटीमीटरवरून सोडला तर तो 135 ते 147 सेंटीमीटर वर यायला हवा, असा टेनिसचा नियम आहे. म्हणून सिमेंटच्या पिचवर अर्ध्यात टाकलेला टेनिस बॉल छातीपर्यंत येतो आणि मुलं आडव्या बॅटने पुल मारत सुटतात. टेप लावली की लव झाकली जाते, बॉल कमी उसळतो, टप्प्यावर घसरतो आणि अपेक्षेपेक्षा लवकर बॅटवर येतो. त्यामुळे टेप बॉलमध्ये यॉर्कर आणि गुड लेंग्थलाच विकेट मिळतात, बाऊन्सर जवळजवळ वाया जातो. कराचीच्या गल्ल्यांतून हा प्रकार वाढला आणि तिथल्या बॉलरांचं यॉर्करवेड बघून यात नवल वाटत नाही. सीझन बॉलची उसळी मात्र पिच ठरवतं. मॅटवर तो उंच येतो, आपल्या मुरमाच्या मैदानात कधी घोट्याशी, कधी हनुवटीशी. हा बेभरवसा मला त्याच्या वेगापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

आता स्विंग. साध्या टेनिस बॉलला सगळीकडे सारखीच लव, त्यामुळे हवा दोन्ही बाजूंनी सारखीच वाहते आणि खरा स्विंग होत नाही. वाशी-नेरूळकडे खाडीचा वारा सुटला की बॉल भरकटतो, पण तो वारा झाला, बॉलरचं कसब नव्हे. सीझन बॉल शिवण तिरकी धरून टाकला तर नवा असताना शिवणीचं तोंड असेल तिकडे वळतो. एक बाजू चकाकती ठेवली तर चकाकी नसलेल्या बाजूकडे. पण आपल्या मैदानांवर ती चकाकी काही ओव्हरांतच जाते आणि आपल्या वेगाला रिव्हर्सचा विचार सोडून द्यावा.

टेप बॉलची मजा अर्ध्या टेपमध्ये आहे. एका बाजूला गुळगुळीत टेप, दुसऱ्या बाजूला लव, म्हणजे दोन बाजूंना हवा वेगवेगळी वागते. वर बॉल हलका आहे. बाजूने तेवढाच रेटा बसला तर पासष्ट ग्रॅमचा बॉल एकशे साठ ग्रॅमच्या बॉलपेक्षा जवळपास अडीचपट जास्त वळतो. म्हणूनच मध्यम वेगाचा साधा बॉलरही टेप बॉलने ऑफ स्टंपच्या बाहेरून मिडल स्टंपवर आणतो.

तो बनवताना साधी, इलेक्ट्रिशियन वापरतात ती इन्सुलेशन टेप घ्या. छोट्या पट्ट्या कापून अर्ध्या गोलावर माथ्यातून आडव्या-उभ्या लावा. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर एक तृतीयांश चढू द्या आणि किंचितच ताणा. जास्त ताणली की थोड्या वेळात कडा उचलतात. मग मधोमध टोकं कापून त्यावर एक पट्टी कमरपट्ट्यासारखी फिरवा. हाच पट्टा शिवणीचंही काम करतो. अंगठ्याने सगळीकडे दाबा आणि जमिनीवर हाताखाली लोळवा. पूर्ण टेप करायची तर दुसरा अर्धाही तसाच झाका. थरावर थर चढवू नका, बॉल दगडासारखा कडक होतो.

कुठल्या बाजूला वळेल ते बॉलरच्या वेगाने आणि टेप किती नवी आहे यावर बदलतं. म्हणून मॅचच्या आधी टेप ऑफला ठेवून सहा बॉल टाका, मग लेगला ठेवून सहा. ज्याच्या हातात जे वळण आलं तेच त्या दिवशी वापरायचं. टेपची एखादी कड सुटून फडफडायला लागली तर बॉल हवेत डगमगतो आणि बॅट्समनला अंदाजच येत नाही. ती पट्टी कापून टाका किंवा बॉल बदला. पावसाळ्यात पूर्ण टेप सोयीची, कारण साधा बॉल ओल्या गवतात पाणी पितो आणि जड होतो.

लागण्याचं गणित असं. ताशी 90 किलोमीटरने आलेल्या टेनिस बॉलमध्ये सुमारे 18 ज्यूल ऊर्जा असते, टेप बॉलमध्ये 20, सीझन बॉलमध्ये 50. त्यात सीझन बॉल दबत नाही, सगळा मार एका ठिकाणी बसतो. म्हणून पॅड, ग्लोव्ह्ज, सेंटर गार्ड आणि जाळीचं हेल्मेट घातल्याशिवाय त्याच्यासमोर उभं राहू नये, नेटमध्येही. ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन फिलिप ह्यूज याला 2014 मध्ये मानेवर जीवघेणा बॉल लागला तेव्हा हेल्मेट डोक्यावर होतंच. त्यानंतर मानेच्या गार्डकडे गंभीरपणे पाहिलं जाऊ लागलं, तेव्हा हेल्मेट घेताना ते गार्ड लावलेलं घ्या.

मला जास्त काळजी वाटते ती हार्ड टेनिसची. दिसायला टेनिस बॉल, पण वजनाला साध्यापेक्षा बराच जड, आणि लोक चप्पल घालून पॉइंटला उभे राहतात. 2024 च्या मार्चमध्ये दादोजी कोंडदेव स्टेडियमवर आयएसपीएल ही टेनिस बॉलची लीग झाली, तिथला टेनिस बॉलचा वेग ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको. तुमच्यातल्या चाळिशीवाल्यांच्या हाताच्या बोटांना तो बॉल परवडणार नाही.

टेप बॉल घसरत येत असल्यामुळे तो नडगीवर आणि पायाच्या बोटांवर लागतो, तेव्हा बूट हवेतच. डोळ्याला मात्र साधा टेनिस बॉलही इजा करतो. जवळच्या फिल्डरला पंधरा पावलं मागे उभं करा, विकेटकीपरने शक्य तर हेल्मेट घालावं. डोळ्याला लागलंच तर चोळायचं नाही, दाबायचं नाही. अंधुक दिसलं, रक्त साकळलेलं दिसलं किंवा प्रकाश सहन होईना, तर त्याच सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, संध्याकाळची वाट बघू नका. डोक्याला लागून गरगरलं किंवा उलटी झाली, तर त्या माणसाला पुन्हा खेळायला उतरवू नका आणि हॉस्पिटल गाठा.

छत आणि जाळी असलेल्या टर्फवर खेळणार असाल तर साधा हलका टेनिसच न्या. जाळी जवळ असते, फिल्डर अंगाशी असतात, आणि टेप बॉलचा वेग तिथे नको. मुलांना सीझनचीच ओढ असेल तर त्यांना पूर्ण किटसह नेटमध्ये काही महिने घालवू द्या. टेनिसवर लागलेली आडव्या बॅटची सवय आधी तिथे सुटली पाहिजे, कारण शॉर्ट बॉलला पुल चुकला की सीझन बॉल थेट तोंडावर येतो.