रॅक गंजली, पण पैसे गळतात कार्डातून

"आमचं डिशवॉशर तीन वर्षांचं आहे. खालच्या रॅकचं कोटिंग सुटलंय, सहा खुंट्या गंजल्या. नवी रॅक 7,500 रुपये. वाढीव वॉरंटी घेतली होती, पण रॅक त्यात बसत नाही म्हणतात. दुकानदार जुनं मशीन घेऊन नवं 45,000 ला नो कॉस्ट ईएमआयवर देतोय. कार्डावर 60,000 थकले आहेत, पण मी दरमहा मिनिमम भरते. लाखाची एफडी आहे, ती अडीअडचणीसाठी. काय करू?" – एक वाचक, मनीषनगर, नागपूर

ताई, आधी खुंट्या बघा. प्रत्येक खुंटी अंगठ्याने दाबा. गंज फक्त टोकाला असेल आणि तार घट्ट असेल, तर सुटलेलं कोटिंग काढून सँडपेपरने तार चकचकीत होईपर्यंत घासा, कोरडी करा आणि रॅकसाठीच मिळणारा विनाइल रंग दोन हात लावा. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ पूर्ण वाळू द्या आणि टोकांवर रबरी टोप्या बसवा. मूळ कोटिंगइतकं हे टिकत नाही, पण काम भागतं. खुंटी आडव्या तारेला जिथे जोडली आहे तिथेच गंज असेल, तर रंग लावून उपयोग नाही. गंजाचे पापुद्रे फिल्टरमध्ये आणि पुढे पंपात जातात, तेव्हा रॅकच बदला. कुकर आणि जड पातेली खुंट्यांवर आदळू नका. बोअरच्या पाण्यासाठी मीठ भरत असाल, तर सांडलेलं लगेच पुसून एक फेरी चालवा. सांडलेलं मीठ गंज वाढवतं.

रॅकसाठी मशीन बदलायचं कारण नाही. नव्यावरही वाढीव वॉरंटी गळ्यात मारतील. झिजणारे भाग बहुतेक वेळा त्यातून वगळलेले असतात आणि विकताना हे कोणी सांगत नाही. ईएमआयही पूर्ण फुकट नसतो: व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी अनेकदा तुमच्याच खिशातून जाते.

पण मला काळजी त्या 60,000 ची आहे. मिनिमम भरून कर्ज फिटत नाही. कार्डाचं व्याज साधारण महिना साडेतीन टक्के, म्हणजे 2,100, वर जीएसटी. अडीच हजारच धरा. मिनिमम पाच टक्के असेल तर तुम्ही भरता तीन हजार. मुद्दल कमी होतं जेमतेम पाचशे. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. रॅकची पूर्ण किंमत तुम्ही दर तीन महिन्यांनी व्याजात घालवताय!

आणि एफडी? सात टक्के धरले तर 60,000 वर महिन्याला साडेतीनशे मिळतात. साडेतीनशेसाठी अडीच हजार देणं ही बचत नाही. या आठवड्यात एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड सहसा टक्काभर असतो, तो सोसा. कार्ड कंपनीकडून आजवरच्या व्याजासह पूर्ण रक्कम विचारा आणि तेवढीच भरा. नुसता स्टेटमेंटचा आकडा भरला तर पुढच्या महिन्यात उरलेलं व्याज परत येतं. एक स्वच्छ स्टेटमेंट येईपर्यंत कार्ड वापरू नका. उरलेल्या साधारण चाळीस हजारांची नवी एफडी करा आणि दरमहाचे तीन हजार आरडीत टाका.

जोड गंजलेले निघाले तर पहिल्या अडीच महिन्यांचे तीन हजार बाजूला ठेवा आणि रॅक रोखीने घ्या.