रजेचं कारण : मोघम पण खरं

प्रश्न : मंगळवारी दुसरीकडे मुलाखत आहे. ऑफिसात ‘मुलाला ताप आहे’ सांगू की नुसतं ‘वैयक्तिक काम आहे’?

‘वैयक्तिक काम आहे’ एवढंच सांगा. तापाची गोष्ट मंगळवारी संपत नाही. बुधवारी डब्याच्या वेळी कुणीतरी आपुलकीनंच विचारतं, ‘आता कसा आहे? डेंग्यू तर नाही ना? रक्त तपासलं का?’ प्रत्येक उत्तर तिथल्या तिथे रचावं लागतं. साहेबांना ‘व्हायरल’ आणि शेजारच्या टेबलाला ‘घसा’ सांगितला गेला की दोघांच्या बोलण्यात ते उघडं पडतं. खऱ्या मोघम कारणात लक्षात ठेवायला काहीच नसतं, आणि पुढे मुलाखतीचं कळलं तरी तुमचं वाक्य खोटं ठरत नाही.

मात्र मोघम फक्त कारण ठेवा, बाकी सगळं नेमकं लिहा. उदाहरणार्थ : ‘मंगळवारी वैयक्तिक कामासाठी एक दिवसाची नैमित्तिक रजा हवी आहे. महिन्याचा रिपोर्ट सोमवारी संध्याकाळपर्यंत देते. बुधवारी नेहमीच्या वेळेला येईन.’ साहेबांची खरी काळजी कामाची असते. ती मिटली की सहसा खोदून विचारत नाहीत. विचारलंच तर ‘जरा खासगी आहे’ म्हणून थांबा, तपशील जोडू नका.

हे नैमित्तिक रजेपुरतंच. आजारपणाच्या रजेला अनेक ठिकाणी डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, तिथे मोघम चालत नाही. आणि मुलाखतीसाठी आजारपणाची रजा टाकलीत, तर रजेचा प्रकारच खोटा ठरतो.