बेरजेची लिमिट इंटिग्रल आहे हे बघून कसं ओळखायचं?

प्रश्न: lim n→∞ [1/(n+1) + 1/(n+2) + ... + 1/(2n)] यात मी प्रत्येक टर्मची लिमिट वेगळी घेतली, सगळ्या झिरो आल्या म्हणून उत्तर झिरो लिहिलं. पुस्तकात log 2 आहे. सर म्हणाले ही इंटिग्रलची बेरीज आहे, पण बघून ते कसं कळायचं?

उत्तर:

आधी तुझा झिरो कुठे अडकला ते बघू, कारण तिथेच पुढचं सगळं दडलंय. बेरजेची लिमिट म्हणजे लिमिटांची बेरीज, हा नियम टर्म्सची संख्या ठरलेली असेल तेव्हाच चालतो, म्हणजे तीन टर्म्स असोत नाहीतर तीनशे, पण ती संख्या n बरोबर बदलायला नको. इथे n = 4 घेतलंस तर चार टर्म्स आहेत, 1/5 + 1/6 + 1/7 + 1/8, आणि n = 100 घेतलंस तर शंभर. म्हणजे टर्म लहान होत जाते त्याच वेगाने टर्म्स वाढत जातात. गणपतीची वर्गणी समज, n घरं आणि प्रत्येक घराने 1/n रुपया दिला, तर घरं कितीही वाढली आणि प्रत्येकाची वर्गणी कितीही कमी झाली तरी डब्यात रुपया जमतोच. तुझ्या बेरजेत सगळ्यात लहान टर्म 1/(2n) आहे आणि टर्म्स n आहेत, म्हणजे बेरीज अर्ध्याच्या खाली जाऊच शकत नाही, आणि प्रत्येक टर्म 1/n पेक्षा लहान आहे म्हणून 1 च्या वर पण जात नाही. उत्तर अर्धा आणि एक यांच्या मध्ये कुठेतरी आहे एवढं तर इंटिग्रलचं नाव न घेताच कळलं.

आता नेमकं कुठे ते शोधू. r वी टर्म लिही, 1/(n+r), r = 1 पासून n पर्यंत. खालून n कॉमन काढ:

1/(n+r) = (1/n) · 1/(1 + r/n)

हे दोन तुकडे नीट बघ. 0 ते 1 ही रेघ n सारख्या भागांत कापली तर प्रत्येक भागाची रुंदी 1/n, आणि r व्या भागाचं उजवं टोक r/n. त्या टोकावर y = 1/(1+x) या कर्व्हची उंची किती? 1/(1 + r/n). म्हणजे तुझी प्रत्येक टर्म ही एका उभ्या पट्टीचं क्षेत्रफळ आहे, रुंदी गुणिले उंची, आणि पूर्ण बेरीज म्हणजे त्या सगळ्या पट्ट्यांचं मिळून क्षेत्रफळ. यालाच रीमान सम म्हणतात. n वाढवला की पट्ट्या बारीक होतात आणि वरच्या पायऱ्या कर्व्हला चिकटत जातात, म्हणून लिमिट = ∫₀¹ dx/(1+x) = log 2, साधारण 0.6931.

हे नुसतं मान्य करू नकोस, कॅल्क्युलेटर घेऊन बस. n = 4 ला 0.6345 येतं, n = 10 ला 0.6688, n = 100 ला 0.6907. हळूहळू पण नक्की 0.6931 कडे चाललंय. आणि दरवेळी थोडं कमी का पडतं ते पण चित्रात दिसतं, कर्व्ह उतरता आहे आणि आपण उंची उजव्या टोकाची घेतोय म्हणून प्रत्येक पट्टी कर्व्हच्या खालीच राहते आणि वर छोटासा जवळजवळ त्रिकोणी तुकडा सुटतो. हे सगळे सुटलेले तुकडे सरकवून एकावर एक रचले तर ते 1/n रुंदीच्या आणि 1 − 1/2 = 1/2 उंचीच्या खांबात मावतात आणि साधारण अर्धा खांब भरतात, म्हणजे तूट जवळपास 1/(4n). n = 10 ला तूट 0.025 यायला हवी, आणि बघ, 0.6931 − 0.6688 = 0.0243. मला स्वतःला रीमान सम खरी पटली ती हा हिशोब जुळला तेव्हा, त्याआधी ती नुसती पाठ केलेली स्टेप होती.

आता ओळखायचं कसं, हा तुझा मूळ प्रश्न. मी क्लासमध्ये मुलांना पहिल्यांदा डिग्री मोजायला लावते. n आणि r दोघांना सारखं धरायचं, वरची डिग्री वजा खालची डिग्री, आणि ती −1 आली पाहिजे. 1/(n+r) मध्ये 0 − 1 = −1. n/(n²+r²) मध्ये 1 − 2 = −1. r²/(n³+r³) मध्ये 2 − 3 = −1. 1/(√n·√(n+r)) मध्ये अर्धा अधिक अर्धा म्हणजे खाली 1, परत −1. का −1? कारण त्यातला एक 1/n पट्टीच्या रुंदीसाठी बाजूला निघाला की उरलेल्याची डिग्री शून्य होते, आणि डिग्री शून्य असलेली गोष्ट फक्त r/n वर अवलंबून असते. मग r/n च्या जागी x, 1/n च्या जागी dx, झालं. शेवटून दुसरं उदाहरण घे, r²/(n³+r³) = (1/n)·(r/n)²/(1+(r/n)³), म्हणून r = 1 ते n ची लिमिट ∫₀¹ x²/(1+x³) dx = (1/3) log 2. डिग्री −2 आली, जसं 1/(n²+r²), तर टर्म्स फारच पटकन लहान होतात आणि बेरीज खरंच झिरोला जाते, तिथे तुझं उत्तर बरोबर आलं असतं!

पण या खुणेत एक अट आहे आणि तिथे मुलं हमखास फसतात, प्रत्येक भागातल्या सगळ्या टर्म्सची डिग्री एकच हवी. n/(n²+1) + n/(n²+2) + ... + n/(n²+n) ही बेरीज बघ. दिसायला n/(n²+r²) ची सख्खी बहीण, पण खाली n² ची डिग्री 2 आणि r ची 1. 1/n बाहेर काढलास तर आत 1/(1 + r/n²) उरतं, आणि r/n² ला x म्हणता येत नाही. जबरदस्ती करून r/n² च्या जागी काहीतरी टाकत बसू नकोस, इथे सँडविच लागतं. सगळ्यात मोठी टर्म पहिली, सगळ्यात लहान शेवटची, म्हणून बेरीज n²/(n²+n) आणि n²/(n²+1) यांच्या मध्ये, आणि दोन्हीची लिमिट 1. r तिथे n² समोर इतका किरकोळ आहे की सगळ्या टर्म्स जवळपास 1/n च आहेत, कर्व्ह म्हणावा असं काही उरतच नाही.

दुसरी चूक इंटिग्रलच्या लिमिट्सची, आणि माझ्या अनुभवात मार्क सगळ्यात जास्त इथे जातात. 0 ते 1 हे इतकं सवयीचं होतं की शेवटची टर्म कोणी बघतच नाही. हे घे:

n/(n²+1²) + n/(n²+2²) + n/(n²+3²) + ... + 1/(5n)

पटकन बघून बहुतेक जण π/4 लिहितात, कारण 1/(1+x²) चं 0 ते 1 इंटिग्रल π/4 येतं. पण r जर n पर्यंतच गेला असता तर शेवटची टर्म n/(n²+n²) = 1/(2n) असती. इथे 1/(5n) आहे, म्हणजे n/(5n²), म्हणजे n/(n² + (2n)²). r शेवटी 2n आहे. वरची लिमिट म्हणजे शेवटचा r भागिले n, 2n/n = 2, आणि खालची म्हणजे पहिल्या r/n ची लिमिट, 1/n → 0. म्हणून उत्तर ∫₀² dx/(1+x²) = tan⁻¹ 2, साधारण 1.107.

आणि हे तपासायला कॅल्क्युलेटर पण लागत नाही. n = 2 टाक: 2/5 + 2/8 + 2/13 + 2/20, म्हणजे 0.4 + 0.25 + 0.154 + 0.1, साधारण 0.904. कर्व्ह उतरता आहे, पट्ट्या त्याच्या खाली आहेत, म्हणजे खरं क्षेत्रफळ 0.904 पेक्षा जास्तच असणार. π/4 तर 0.785 आहे. फक्त चार टर्म्समध्ये चुकीचं उत्तर उघडं पडलं. परीक्षेत तीस सेकंद आहेत असं वाटलं तर ते यावर घालव.

मात्र सुरुवात r = 1 ऐवजी 0 पासून झाली किंवा शेवट n ऐवजी n − 1 ला झाला तर घाबरू नकोस. एक-दोन पट्ट्या कमी-जास्त झाल्या तर त्यांचं क्षेत्रफळ 1/n च्या आसपास असतं आणि ते झिरोला जातं. n चा 2n झाला तर मात्र n पट्ट्या वाढतात, तो फरक जात नाही.

हे एक-दोन पट्ट्यांचं मी बिनधास्त म्हणतेय ते फंक्शन त्या पूर्ण बंद इंटरव्हलवर कंटिन्युअस आहे म्हणून. ते नसेल तर काय होतं ते 1 + 1/2 + 1/3 + ... + 1/n मध्ये बघ. r वी टर्म 1/r, डिग्री −1, म्हणजे खूण पास. (1/n)·1/(r/n), फंक्शन 1/x, 0 ते 1. पण 1/x शून्याजवळ वर पळतं. पहिल्याच पट्टीची रुंदी 1/n आणि उंची n, क्षेत्रफळ 1, आणि n कितीही मोठा घे ते 1 च राहतं, बारीक होतच नाही. ही बेरीज अनंताला जाते आणि इंटिग्रल पण अनंतच आहे. म्हणून x च्या जागी दोन्ही टोकं टाकून फंक्शन तिथे फुटत नाही ना हे बघायचं. तुझ्या गणितात 1/(1+x) आहे, 0 ला 1 आणि 1 ला 1/2, कुठेच फुटत नाही.

आता एक तू करून बघ: 1/(2n+1) + 1/(2n+3) + 1/(2n+5) + ... + 1/(4n−1). यात टर्म्स n च आहेत पण दोन-दोनच्या उड्या आहेत, म्हणजे x = (2r−1)/n धरलास तर दोन शेजारच्या x मधलं अंतर 2/n आहे, 1/n नाही. बाहेर निघालेला 1/n त्या रुंदीच्या निम्माच आहे, म्हणून पुढे अर्धा येतो: (1/2)∫₀² dx/(2+x) = (1/2) log 2, साधारण 0.3466. n = 2 ला 1/5 + 1/7 = 0.3429 मिळतं, दोनच टर्म्समध्ये इतकं जवळ. कारण इथे उंची पट्टीच्या उजव्या टोकाला नाही, बरोबर मध्यावर घेतली जातेय, एका बाजूला सुटलेला तुकडा दुसऱ्या बाजूला जास्त आलेल्या तुकड्याने जवळजवळ भरून निघतो. चित्र काढून बघ, पहिली पट्टी 0 ते 2/n, तिचा मध्य 1/n.