चिनी प्रेझेंटेशन: कोटीचं काय करायचं आणि चौकटीत किती अक्षरं मावतात

प्रश्न: बडोद्यात मकरपुऱ्याला आमचा व्हॉल्व्हचा कारखाना आहे. चीनमधल्या वितरकासाठी आमचं इंग्रजी प्रेझेंटेशन चिनीत करून घेतलं. त्यातले वाक्प्रचार आणि पहिल्याच स्लाइडवरची कोटी तिकडे कुणाला कळली नाही. तक्तेही विस्कटले. हे नीट कसं करावं?

उत्तर: भाषांतरकाराला नुसती फाइल पाठवली की असंच होतं. फाइलसोबत तीन रकान्यांची एक शीट द्या: मूळ वाक्य, ते तिथे कशासाठी आहे, आणि जास्तीत जास्त किती अक्षरं चालतील.

तिसरा रकाना मोजून भरता येतो. चिनी अक्षर चौरसात बसतं, म्हणून त्याची रुंदी फॉन्टच्या साइजएवढीच धरायची. १ इंच म्हणजे ७२ पॉइंट, आणि पॉवरपॉइंट चौकटीच्या डाव्या-उजव्या कडेला ०.१ इंच मोकळं सोडतं, म्हणजे दोन्हीकडचे मिळून १४.४ पॉइंट. शीर्षकाची चौकट ६ इंच आणि फॉन्ट ३२ असेल तर ४३२ मधून १४.४ वजा करून ३२ ने भागा. एका ओळीत १३ अक्षरं मावतात. विरामचिन्हंही तेवढीच जागा खातात, तीही मोजा.

आता तक्ते का विस्कटले ते बघा. लांब इंग्रजी वाक्य चिनीत सहसा आखूड होतं, पण इंग्रजी लघुरूपं फुगतात. ०.७ इंचाच्या रकान्यात १४ पॉइंटचं NDT कसंबसं बसतं. NDT म्हणजे माल न फोडता केलेली तपासणी; त्याचं चिनी 无损检测 चार अक्षरांचं आहे, आणि त्या रकान्यात दोनच अक्षरं मावतात. मग दोन ओळी होतात, प्रत्येक ओळीची उंची वाढते आणि तक्ता स्लाइडच्या खाली उतरतो. रकाना १ इंचाचा केला की चारही अक्षरं एका ओळीत येतात. फॉन्ट लहान करून जागा काढू नका. चिनी अक्षरात रेघांची दाटी असते, इंग्रजी ९ पॉइंटला वाचता येतं तिथे चिनीचा नुसता डाग दिसतो. मी १२ च्या खाली जात नाही. चौकटीच्या सेटिंगमध्ये `Do not Autofit` निवडा, नाहीतर पॉवरपॉइंट गुपचूप अक्षरं लहान करतं आणि मजकूर जास्त झालाय हे कळतच नाही. तिरपी अक्षरं ठळक करा. चिनीत तिरपं वाईट दिसतं.

वाक्प्रचारांसाठी दुसरा रकाना. ‘वन-स्टॉप सोल्यूशन’ची काळजी नको, चिनी व्यापारी भाषेत 一站式 रुळलेलं आहे. ‘लो-हँगिंग फ्रूट’ मात्र शब्दशः गेलं तर स्लाइडवर फळं उरतात. त्याच्यापुढे ‘लवकर फायदा दिसेल ती कामं आधी’ असं लिहून द्या, भाषांतरकार 先易后难 (आधी सोपं, मग अवघड) असं काही सुचवेल. ‘संस्कारनगरी बडोदा’ काढूनच टाका. वितरकाला त्या जागी जवळचं बंदर आणि तिथवरचं अंतर हवं असतं.

विनोदाचं एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा शीर्षक आहे ‘आमचे व्हॉल्व्ह तोंड उघडत नाहीत’ आणि शेजारी ओठांवर बोट ठेवलेल्या माणसाचा फोटो. दुसऱ्या रकान्यात लिहा: ‘गळती नाही हे हलक्या सुरात सांगायचं.’ यातून 滴水不漏 मिळतं. शब्दशः अर्थ ‘थेंबही गळत नाही’, आणि रोजच्या वापरात ‘कुठेही फट न ठेवता केलेलं काम’. दोन्ही अर्थ व्हॉल्व्हला लागू पडतात आणि १३ च्या जागेत चारच अक्षरं लागतात. फोटो मात्र बदलावा लागेल, कारण आता बोलण्याचा विषयच उरला नाही. त्या जागी चाचणीचा फोटो लावा. खाली लहान ओळीत चाचणीचा निकाल हवाच. चीनमध्ये व्हॉल्व्हच्या दाबचाचणीचं मानक GB/T 13927 आहे. त्याप्रमाणे तुमचा रिपोर्ट असेल तर तो क्रमांक द्या, इंजिनिअर आधी तेच शोधतो. पाण्याऐवजी गॅसचा व्हॉल्व्ह असेल तर थेंबाची कोटी लंगडी पडते, मग सरळ वाक्य बरं. अशी चार अक्षरी म्हण एका स्लाइडवर एकच ठेवा. तांत्रिक पानावर चार-पाच आल्या की मजकूर भाषणासारखा वाटतो.

लाख-कोटींकडेही बघा. चिनी मोजणी दहा हजार (万) आणि दहा कोटी (亿) यांवर चालते. ४५ कोटी रुपये म्हणजे 4.5亿卢比, १२ लाख नग म्हणजे 120万件. हे आकडे स्वतः तपासा, शून्य इथेच घसरतं. शेअरबाजारात तिकडे वाढ लाल आणि घट हिरवी दाखवतात, म्हणून आलेखात नुसत्या रंगावर विसंबू नका, बाण किंवा अधिक-उणे चिन्ह द्या.

शेवटी भाषांतर न केलेल्या एखाद्या चिनी माणसाला, इंग्रजी न दाखवता, प्रत्येक स्लाइड काय सांगते ते विचारा. त्याचं उत्तर दुसऱ्या रकान्याशी जुळत नसेल तीच स्लाइड परत पाठवा. पाठवताना पीडीएफही जोडा, कारण समोरच्याकडे `Microsoft YaHei` फॉन्ट नसेल तर ओळी पुन्हा हलतील.