फ्री रिचार्जची लिंक, ग्रुपवरचा इशारा आणि काकांचा राग

प्रश्न : वकीलसाहेब, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी ‘तीन महिन्यांचा रिचार्ज मोफत’ अशी लिंक टाकली. ती खोटी आहे, असा मेसेज मी टाकणार आहे. काका म्हणतात, माझं नाव घेतलंस तर बदनामीची केस करीन. ग्रुपची ॲडमिन मीच आहे. आत्याने तर त्या लिंकवरून ॲपही घेतलंय. मी काय लिहू?

उत्तर : लिहिण्याआधी आत्यांना फोन करा. लिंकवरून थेट उतरवलेलं ॲप, म्हणजे .apk फाइल, बहुतेकदा एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी आत्यांच्या आधी चोराला दिसतो. त्यांना मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करून ॲप काढून टाकायला सांगा. बँकेला फोन मात्र दुसऱ्या मोबाइलवरून करायचा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. इथे वेळेला फार किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाच्या माथी असतं आणि कळवल्यानंतरचं बँकेच्या. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा.

आता काकांची धमकी. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि त्याच कलमात अपवादही दिले आहेत. त्यातला दहावा तुमच्यासाठीच लिहिल्यासारखा आहे: ज्याला सांगायचं त्याच्या भल्यासाठी किंवा सार्वजनिक हितासाठी सद्भावनेने दिलेला सावधगिरीचा इशारा ही बदनामी ठरत नाही. यातला ‘सद्भावनेने’ हा शब्द महत्त्वाचा. कायद्यात त्याचा अर्थ योग्य ती काळजी घेऊन, असा होतो. म्हणजे नुसतं ‘मला वाटलं’ पुरत नाही. खात्री करून लिहिलं, हे दाखवता आलं पाहिजे.

खात्री अशी करा. लिंक न उघडता तिचा पत्ता वाचा. https:// नंतर पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडचा भाग खरा मालक सांगतो. समजा पत्ता `company.com.gift-offer.example/free` असा आहे. सुरुवातीला कंपनीचं नाव दिसतं, पण मालक आहे gift-offer.example. मग कंपनीच्या अधिकृत ॲपमध्ये अशी योजना आहे का ते पाहा. ‘दहा जणांना पाठवा, मग रिचार्ज मिळेल’ ही अट असेल तर संशय आणखी पक्का. तुम्ही खरंच पाठवलं की नाही हे अशा पानाला बहुधा कळतही नाही. शेअरचं बटण दाबलं की पट्टी पुढे सरकते, एवढंच. लिंक पसरवण्याचं काम तुमच्याच माणसांकडून करून घेतलं जातं.

तारीख आणि वेळ दिसेल असा मूळ मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या, आणि मगच ॲडमिन म्हणून तो मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा. आधी डिलीट केलात तर पुरावाही जातो. नंतर असं लिहा:

‘ग्रुपवर आलेली मोफत रिचार्जची लिंक खोटी आहे. पत्ता कंपनीचा नाही आणि कंपनीच्या ॲपमध्ये अशी योजना नाही, मी तपासलं आहे. लिंक उघडू नका, पुढे पाठवू नका. कुणी ॲप घेतलं असेल, ओटीपी किंवा पिन दिला असेल तर संकोच करू नका, आधी बँकेला आणि १९३० ला फोन करा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.’

यात काकांचं नाव नाही, हे मुद्दाम. ‘काकांनी पाठवली’ हे खरंच आहे, पण इशाऱ्याला त्याची गरज नाही. ‘काका लोकांना फसवतात’ असं मात्र चुकूनही लिहू नका, तो आरोप होतो. मोबाइल कंपनी फसवते असंही नको, तिचं तर नाव चोरलेलं आहे. आणि मेसेजमध्ये ती लिंक पुन्हा चिकटवू नका. घाईत वाचणारा नेमकं तिच्यावरच बोट ठेवतो.

काकांनाही एक दिलासा द्या, कारण राग बहुधा भीतीतून आला असावा. फसवणुकीच्या गुन्ह्याला अप्रामाणिक हेतू लागतो. खरं समजून लिंक पुढे पाठवणारा माणूस तेवढ्याने आरोपी होत नाही. पण खोटी आहे हे कळल्यावरही पाठवत राहिले, विशेषतः त्यावर काही कमिशन मिळत असेल, तर गोष्ट वेगळी. तोतयेगिरी करून ऑनलाइन फसवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे त्यांना ग्रुपवर नको, फोनवर सांगा.

ॲडमिन म्हणून तुम्ही घाबरू नका. सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, समान हेतू असल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे.

तरीही काकांनी केस करायची ठरवलीच, तर बदनामीच्या तक्रारीवर पोलीस थेट गुन्हा नोंदवत नाहीत. काकांना न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागेल. तिथे तुमचा स्क्रीनशॉट आणि वरचा मेसेज, दोन्ही तुमच्याच बाजूने बोलतील.